जुन्या छायाचित्रातला टाइपरायटर, डायलचा फोन आणि आकडेमोडीचे यंत्र: ओळख आणि काळनिश्चिती

जुन्या कचेरीचे छायाचित्र हाती आले की पाहणारा बहुधा टेबलावरच्या यंत्राकडे बोट दाखवतो, ते किती जुने दिसते याचा अंदाज बांधतो आणि तेच वर्ष छायाचित्रालाही देऊन टाकतो. या घाईत दोन निरनिराळ्या चुका होतात. पहिली चूक ओळखीची: बटणे आणि डावी-उजवीकडे सरकणारी कॅरेज दिसली की यंत्राला टाइपरायटर म्हटले जाते, प्रत्यक्षात ते बेरजेचे किंवा गुणाकाराचे यंत्र असते. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. यंत्र बनल्याचे वर्ष आणि छायाचित्र काढल्याचे वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात घेतले जात नाही. आपल्याकडच्या कचेऱ्यांत एकेक टाइपरायटर तीस-चाळीस वर्षे चालत असे, त्यामुळे १९२५ चे यंत्र १९६० च्या छायाचित्रात दिसण्यात अनैसर्गिक असे काहीच नाही.

म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. आधी छायाचित्र सरळ आहे की उलटे छापले आहे ते पाहावे, मग यंत्राचा प्रकार ठरवावा, त्यानंतर त्याचा काळ, आणि शेवटी सर्व खुणा एकत्र करून छायाचित्राचा काळ ठरवावा. क्रम बदलला की आधीच्या टप्प्यातली चूक पुढे पुरावा बनून बसते.

## तयारी

छायाचित्र ६०० डीपीआय किंवा त्याहून जास्त क्षमतेने स्कॅन करावे आणि मागची बाजूही स्कॅन करावी. फोटो स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचा छाप किंवा पेन्सिलीने लिहिलेले वर्ष मागेच सापडते. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता, छायाचित्र सपाट ठेवून मोबाइलने तीन-चार निरनिराळ्या कोनांतून टिपावे, म्हणजे एका प्रतीत चकाकीने झाकलेला भाग दुसऱ्या प्रतीत दिसतो. चित्राची धार वाढवणारे फिल्टर मूळ प्रतीवर लावू नयेत. धूसर ठिकाणी ते खोटी कड तयार करतात आणि मग नसलेले बटण दिसू लागते.

त्यानंतर एका कागदावर तीन रकाने आखावेत: जे स्पष्ट दिसते ते, जे दिसल्यासारखे वाटते ते, आणि जे दुसऱ्या कोणी सांगितले आहे ते. कुटुंबातल्या आठवणी आणि मागे लिहिलेले वर्ष यांची जागा तिसऱ्या रकान्यात आहे. हे वर्ष पुष्कळदा कितीतरी वर्षांनी, अल्बम लावताना, आठवणीने लिहिलेले असते.

सावधान: कृष्णधवल छायाचित्रावरून रंग ठरवू नये. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा येतो आणि निळा फिकट येतो. म्हणून ‘काळा फोन’ असे न लिहिता ‘गडद फोन’ असे लिहावे. रंग भरलेल्या प्रतीवरचा रंग तर विचारातच घेऊ नये.

## टप्पा १: छायाचित्र उलटे छापले आहे का ते पाहा

निगेटिव्ह उलटी ठेवून छापली गेली की डावे-उजवे बदलते. चित्रात पाटी किंवा मजकूर असेल तर हे लगेच कळते. नसेल तर यंत्रांनाच विचारावे लागते, आणि ती चांगले उत्तर देतात.

फोनच्या डायलवर दहा भोके असतात, पण ती पूर्ण वर्तुळात पसरलेली नसतात. भोके नसलेला मोकळा भाग समोरून पाहणाऱ्याच्या उजव्या बाजूला, किंचित खाली असतो आणि बोट अडवणारा धातूचा लहान अडसरही तिथेच असतो. मोकळा भाग डाव्या बाजूला दिसला तर छायाचित्र उलटे आहे. हातदांड्याच्या आकडेमोड यंत्रात दांडा चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो. टाइपरायटरमध्ये कॅरेज परत ढकलण्याची लिव्हर बहुतेक यंत्रांत डावीकडे असते. परंतु जुन्या काही यंत्रांत ती उजवीकडेही होती, म्हणून एकट्या लिव्हरवरून निर्णय देऊ नये.

तपासा: माणसांच्या कपड्यांवरूनही हे पडताळता येते. पुरुषांच्या शर्टाचा आणि कोटाचा डावा पदर वर येतो, आणि खिसा डाव्या छातीवर असतो.

## टप्पा २: यंत्राचा प्रकार ठरवा

फोन ओळखण्यात क्वचितच चूक होते. खरा गोंधळ टाइपरायटर आणि आकडेमोडीचे यंत्र यांच्यात होतो, आणि तो चार प्रश्न क्रमाने विचारले तर सुटतो.

बटणे तिरप्या ओळींत आहेत की सरळ उभ्या रकान्यांत? टाइपरायटरची बटणे आडव्या ओळींत असतात आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा थोडी सरकलेली असते, कारण प्रत्येक बटणाचा दांडा दुसऱ्या दांड्यांच्या मधून आत जातो. आकडेमोडीच्या यंत्राची बटणे जाळीसारखी, एकाखाली एक सरळ असतात. छायाचित्र धूसर असले तरी ही रचना बहुधा कळते, म्हणून हाच प्रश्न पहिला.

खाली लांब आडवी पट्टी आहे का? अक्षरांमध्ये जागा सोडण्याची ही पट्टी टाइपरायटरच्या पुढच्या कडेला असते. आकडेमोड यंत्राला तिची गरज नसते.

उजव्या बाजूला फिरवण्याचा किंवा ओढण्याचा दांडा आहे का? असेल तर ते आकडेमोडीचे यंत्र समजावे. टाइपरायटरच्या रोलरच्या टोकांना गोल मुठी असतात, पण त्या दोन्ही बाजूंना असतात आणि रोलरच्या रेषेतच असतात.

कागद कसा आहे? रुंद, सुटा कागद रोलरभोवती गेलेला असेल तर टाइपरायटर. तीन बोटे रुंदीची, गुंडाळीतून येणारी पट्टी असेल तर छापील बेरीज देणारे यंत्र. कागद मुळीच नसेल आणि पुढे आकड्यांच्या छोट्या खिडक्या असतील, तर न छापता उत्तर दाखवणारे यंत्र.

नेहमी फसवणारी तीन यंत्रे येथे सांगून ठेवतो. बँकेतल्या खतावणीसाठी वापरले जाणारे अतिलांब कॅरेजचे यंत्र टाइपरायटर आणि बेरीजयंत्र या दोहोंचे मिश्रण असू शकते. त्यात अक्षरांच्या बटणांशेजारी आकड्यांचे सरळ रकाने दिसतात. तार कचेरीतला टेलिप्रिंटर टाइपरायटरसारखाच दिसतो, पण त्याला मागून जाड केबल जोडलेली असते, कागद अखंड गुंडाळीतून येतो आणि हाताने ढकलण्याची लिव्हर नसते. दुकानातल्या गल्लायंत्राला वर किमतीचे फलक उचलणारी खिडकी आणि खाली पैशांचा खण असतो.

सावधान: चार प्रश्नांपैकी किमान दोनांची उत्तरे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकच खूण दिसत असेल तर ‘टाइपरायटर असावा’ असे लिहून थांबावे.

## टप्पा ३: टाइपरायटरचा काळ

टाइपरायटरवरचे नाव वाचता आले तरी तिथून सुरुवात करू नये. कंपन्यांची नावे दशकानुदशके तीच राहिली. आधी यंत्राचा सांगाडा पाहावा.

सर्वांत मोठा फरक म्हणजे लिहिलेली ओळ टायपिस्टला दिसते की नाही. रेमिंग्टनच्या जुन्या यंत्रांत अक्षरांचे दांडे रोलरच्या खालून वर येऊन आदळत. ताजी ओळ पाहण्यासाठी कॅरेज उचलावी लागे. अशा यंत्रात बटणांच्या मागे उघडे दांडे दिसत नाहीत आणि रोलर यंत्राच्या अगदी माथ्यावर बसलेला दिसतो. १८९० च्या दशकाच्या मध्यात अंडरवुडने समोरून आदळणाऱ्या दांड्यांचे यंत्र आणले आणि १९०८ मध्ये रेमिंग्टननेही ‘मॉडेल १०’ या रूपाने तोच मार्ग धरला. समोरून आदळणाऱ्या यंत्रात बटणे आणि रोलर यांच्यामध्ये पंख्यासारखा अर्धगोलाकार खोलगट भाग असतो. तो दिसला की यंत्र बहुधा १८९५ च्या आधीचे नाही.

यानंतर बाजू पाहाव्यात. अंडरवुडचे ‘मॉडेल ५’ १९०० पासून १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बनत राहिले आणि त्याचा सांगाडा बाजूंनी उघडा असे, आतले दांडे आणि स्प्रिंगा सरळ दिसत. १९१४ च्या रॉयल ‘मॉडेल १०’ ला बाजूंना काचेच्या खिडक्या होत्या. सुरुवातीच्या यंत्रांत प्रत्येक बाजूला दोन, पुढच्यांत एक. १९३० च्या दशकात बाजू पत्र्याने झाकण्याची पद्धत रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कोपरे गोलाकार झाले आणि चकचकीत काळ्या रंगाच्या जागी खरखरीत किंवा राखाडी, हिरवट रंग आले. हा बदल हळूहळू झालेला असल्यामुळे त्यावरून दशकाच्या आतले वर्ष काढता येत नाही.

बटणे ही त्यानंतरची खूण. धातूची कडा आणि वर काच असलेली गोल बटणे युद्धापूर्वीच्या यंत्रांत सर्रास आढळतात. एकसंध प्लास्टिकची, बोटाला खळगा असलेली बटणे १९४० च्या दशकानंतर प्रबळ झाली.

नावाकडे आता वळावे. नुसते ‘रेमिंग्टन’ फारसे काही सांगत नाही, पण ‘रेमिंग्टन रँड’ असे असेल तर यंत्र १९२७ च्या विलीनीकरणानंतरचे. ‘स्मिथ-कोरोना’ हे जोडनाव १९२६ नंतरचे. आपल्याकडच्या छायाचित्रांत सर्वांत उपयोगी नाव ‘गोदरेज’. मुंबईत गोदरेजने टाइपरायटर बनवायला १९५५ मध्ये सुरुवात केली, त्यामुळे यंत्रावर हे नाव वाचता आले तर छायाचित्र त्याआधीचे असूच शकत नाही. कंपनीचे ‘प्राइमा’ हे चौकोनी, सरळ कडांचे मॉडेल १९८० च्या दशकातले. कॅरेज मुळीच सरकत नाही, दांडेही नाहीत आणि मध्यभागी अक्षरांचा छोटा गोळा आहे, असे विजेवरचे यंत्र दिसले तर ते १९६१ मध्ये आलेल्या आयबीएम सिलेक्ट्रिकच्या घराण्यातले आहे.

तपासा: प्रवासी यंत्र आणि कचेरीचे यंत्र यांची गल्लत झाली नाही ना? फोनचा रिसीव्हर साधारण वीस ते तेवीस सेंटिमीटर लांब असतो. तो शेजारीच असेल तर मोजपट्टी म्हणून वापरावा. कचेरीचा टाइपरायटर त्याच्या दीडपटीहून रुंद आणि चांगलाच उंच असतो. प्रवासी यंत्र बुटके असते. बटणांच्या तीनच ओळी असलेली लहान यंत्रे, उदाहरणार्थ १९१२ चे कोरोना ‘मॉडेल ३’, ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. रेमिंग्टनने १९२० मध्ये चार ओळींचे प्रवासी यंत्र आणल्यावर चार ओळी रूढ होत गेल्या.

## टप्पा ४: फोनचा काळ

फोनच्या बाबतीत सर्वाधिक होणारी चूक म्हणजे डायल नसलेला फोन डायलच्या फोनपेक्षा जुना मानणे. फोनला डायल असणे हे फोनच्या वयावर नव्हे, तर गावातल्या एक्स्चेंजवर अवलंबून होते. मोठ्या शहरात स्वयंचलित एक्स्चेंज आल्यावर डायल आली. तालुक्याच्या गावी मात्र ऑपरेटरकडून नंबर जोडून घेण्याची पद्धत पुढे कित्येक वर्षे टिकली, आणि तिथे डायलच्या जागी कोरी गोल झाकणी असलेला नवा फोनही बसवला जाई. बाजूला फिरवण्याचे हँडल असेल तर तो ऑपरेटरला घंटी देण्यासाठी होता. त्यावरून एक्स्चेंजचा प्रकार कळतो, वर्ष कळत नाही.

त्यामुळे वर्षासाठी फोनचा आकार पाहावा. ब्रिटिश पद्धतीचे फोन आपल्याकडे पुष्कळ वापरले गेले, म्हणून त्यांचा क्रम लक्षात ठेवणे सोयीचे आहे. उभ्या दांड्यावर तोंडाजवळ धरण्याचा भाग आणि बाजूच्या हुकावर कानाला लावायचा वेगळा भाग, असा मेणबत्तीच्या स्टँडसारखा फोन १९२० च्या दशकातला आणि त्याआधीचा. बोलण्याचा आणि ऐकण्याचा भाग एकाच रिसीव्हरमध्ये असलेला, वर निमुळता होत जाणारा पिरॅमिडसारखा, बॅकेलाइट या जुन्या कठीण प्लास्टिकचा फोन १९२९ पासूनचा. त्याच्यानंतर १९३७ मध्ये रुंद, बसका, चौकोनी फोन आला आणि त्याच्या तळाशी पुष्कळदा फोन नंबर लिहून ठेवण्याचा छोटा खण असे. १९५९ मध्ये गोलाकार रेषांचा हलका प्लास्टिकचा फोन आला. अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या फोनांतही असाच बदल दिसतो: १९३७ चे ‘मॉडेल ३०२’ आणि त्यानंतर १९५० च्या सुमारास ‘मॉडेल ५००’.

या सर्व आकारांपेक्षा मला एक बारीक खूण अधिक विश्वासाची वाटते, ती म्हणजे आकडे कुठे छापले आहेत. जुन्या डायलमध्ये आकडे भोकांच्या तळाशी असतात आणि भोकातून दिसतात. ५०० मॉडेलमध्ये आणि ब्रिटिश १९५९ च्या फोनमध्ये आकडे फिरत्या चकतीच्या बाहेर, तिच्याभोवतीच्या कड्यावर आले, कारण चकती फिरत असतानाही ते दिसावेत ही अपेक्षा होती. छायाचित्रात चकतीच्या बाहेर काळ्या ठिपक्यांची किंवा आकड्यांची एक माळ दिसली, तर फोन बहुधा १९५० नंतरचा आहे. आकडे भोकांतच असतील तर मात्र ‘१९५० पूर्वीचा’ असा उलटा निष्कर्ष काढू नये, कारण जुन्या नमुन्याचे फोन नंतरही बनत आणि वापरात राहिले.

‘आयटीआय’ ही अक्षरे वाचता आली तर बंगळूरची इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज १९४८ मध्ये स्थापन झाली, एवढी आधीची सीमा पक्की होते. दाबायच्या बटणांचे फोन आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर घरोघरी दिसू लागले. त्या आधीच्या काळासाठी सुचवलेल्या छायाचित्रात बटणांचा फोन दिसला तर तो काळ पुन्हा तपासावा.

सावधान: रिसीव्हरच्या वायरवरून वर्ष ठरवू नये. सुती विणीची सरळ वायर जुनी आणि गुंडाळीची वायर नवी, हे खरे असले तरी वायर तुटली की दुरुस्ती करणारा जुन्या फोनला नवीच वायर लावत असे. शिवाय स्टुडिओत काढलेल्या छायाचित्रात फोन हा सजावटीचा भाग असू शकतो. वायर कुठे जाते ते पाहावे. ती टेबलाच्या कडेला संपत असेल तर फोन शोभेचा समजावा.

## टप्पा ५: आकडेमोडीच्या यंत्राचा काळ

इथे काळापेक्षा उपप्रकार महत्त्वाचा, कारण उपप्रकार ठरला की काळाची चौकट आपोआप येते. छायाचित्रांत प्रामुख्याने तीन घराणी भेटतात.

पहिले घराणे बटणांच्या पूर्ण रकान्यांचे. प्रत्येक रकान्यात १ ते ९ अशी बटणे आणि असे आठ-दहा रकाने शेजारी. दांडा नसेल आणि कागदही नसेल तर ते बटण दाबताच बेरीज करणारे कॉम्प्टोमीटरसारखे यंत्र. ही १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून होती. उजवीकडे दांडा आणि वर कागदी पट्टी असेल तर बरोजसारखे छापणारे बेरीजयंत्र. या घराण्यात एक फार मोलाची खूण दडलेली असते. दशमान चलनात प्रत्येक रकान्यात नऊच बटणे लागतात. पौंड-शिलिंग-पेन्ससाठी किंवा रुपये-आणे-पैसाठी बनवलेल्या यंत्रात काही रकाने वेगळ्या उंचीचे असतात, कारण शिलिंगाचे पेन्स बारा आणि रुपयाचे आणे सोळा. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. असमान उंचीचे रकाने असलेले यंत्र त्यापूर्वीच्या व्यवहारासाठी घेतलेले आहे, पण ते नंतरच्या छायाचित्रात कोपऱ्यात पडलेले दिसू शकते, हे विसरू नये.

दुसरे घराणे हातदांड्याचे. ओडनर आणि ब्रुन्सविगा यांच्या यंत्रांत बटणे नसतातच. गोल पाठीच्या पत्र्यात उभ्या फटी असतात आणि प्रत्येक फटीत वर-खाली सरकणारी छोटी खुंटी असते. पुढे खाली सरकणारी कॅरेज आणि आकड्यांच्या खिडक्या. हा प्रकार १८९० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत तत्त्वतः तसाच राहिला, म्हणून वर्षासाठी बाहेरचे आवरण पाहावे लागते: कोनीय, काळे, उघड्या स्क्रूंचे यंत्र युद्धापूर्वीचे, गोलसर, फिकट, स्क्रू झाकलेले यंत्र युद्धानंतरचे. स्वीडनच्या फॅसिटने १९३२ मध्ये खुंट्यांच्या जागी फक्त दहा बटणे आणली. आपल्याकडच्या संख्याशास्त्र विभागांत आणि कचेऱ्यांत फॅसिट पुष्कळ होते, आणि नेमके हेच यंत्र टाइपरायटर समजले जाते. दहा बटणे, उजवीकडे दांडा आणि खिडक्यांची ओळ एकत्र दिसली की शंका राहू नये. फॅसिटचे गुळगुळीत, फिकट रंगाचे आवरण १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातले.

तिसरे घराणे विजेच्या मोटरवर चालणाऱ्या यंत्रांचे. रुंद, जड, पाठीवर लांब कॅरेज सरकणारी फ्रायडेन, मर्चंट आणि मन्रो यांची यंत्रे, आणि कागदी पट्टीवर उत्तर छापणारी ऑलिव्हेटीची यंत्रे, जसे १९५६ चे ‘डिव्हिसुम्मा २४’, ही या वर्गात येतात. मागून वायर निघते का ते पाहावे.

तपासा: आकडे प्रकाशमान दिसत आहेत का? तसे असतील तर यंत्र बहुधा इलेक्ट्रॉनिक आहे आणि १९६१ पूर्वीचे नाही.

## टप्पा ६: सर्व खुणा एकत्र करा

प्रत्येक यंत्रासाठी फक्त आधीची सीमा लिहावी, म्हणजे ‘छायाचित्र याच्या आधीचे असू शकत नाही’ असे वर्ष. त्यांपैकी सर्वांत नवे वर्ष हीच संपूर्ण छायाचित्राची आधीची सीमा. सर्वांत जुने यंत्र इथे काहीच सांगत नाही, आणि सरासरी काढणे ही तर ढोबळ चूक आहे.

नंतरची सीमा यंत्रांवरून मिळत नाही, कारण यंत्रे टिकतात. ती माणसांवरून मिळते: कोण निवृत्त झाले, कोणाचे निधन झाले, कचेरी कधी दुसऱ्या जागी गेली. भिंतीवरच्या वस्तूंतूनही पुन्हा आधीच्याच सीमा मिळतात. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतर. ‘कालनिर्णय’ टांगलेले असेल तर १९७३ किंवा नंतर.

### एक प्रत्यक्ष उदाहरण

मावशीच्या घरी एका सहकारी संस्थेच्या कचेरीचे पोस्टकार्डाएवढे छायाचित्र होते. मागे पेन्सिलीने ‘१९४८’ लिहिलेले. घरात सर्वांचे एकमत असे की टेबलावर दोन टाइपरायटर आहेत आणि ते जुने दिसतात, म्हणून ते वर्ष बरोबर असावे.

डायलचा मोकळा भाग उजवीकडे होता, अर्थात छायाचित्र सरळ होते. डावीकडचे यंत्र खरोखर टाइपरायटर: तिरप्या ओळी, पुढची आडवी पट्टी, धातूच्या कडांची गोल बटणे आणि बाजूंनी उघडा सांगाडा. अंडरवुड ‘मॉडेल ५’ च्या नमुन्याचे हे यंत्र १९३० च्या दशकाच्या सुरुवातीनंतरचे नसावे. उजवीकडचे दुसरे यंत्र मात्र टाइपरायटर नव्हते. मोठे करून पाहिल्यावर दहाच बटणे, उजव्या बाजूला दांडा आणि पुढे आकड्यांच्या खिडक्या दिसल्या. आवरण फिकट आणि गोलसर. हे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातले फॅसिट. इथेच १९४८ बाद झाले. फोन चौकोनी बॅकेलाइटचा, आकडे भोकांत, तळाशी खण. म्हणजे १९३७ पासून पुढे केव्हाचाही. त्याने निर्णयात काहीच भर घातली नाही.

दारावरच्या पाटीची शेवटची ओळ ‘महाराष्ट्र राज्य’ अशी होती, त्यामुळे आधीची सीमा १ मे १९६० पर्यंत पुढे सरकली. खुर्चीत बसलेले मावशीचे यजमान त्या संस्थेतून १९६६ च्या अखेरीस निवृत्त झाले, ही नंतरची सीमा. भिंतीवर कॅलेंडर होते. महिना ‘मार्च’ वाचता येत होता आणि १ तारीख बुधवारच्या रकान्यात होती. तारखेचा वार दरवर्षी एकाने पुढे जातो आणि मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोनाने. त्या हिशेबाने १ मार्चला बुधवार १९५०, १९६१, १९६७, १९७२ आणि १९७८ या वर्षी येतो. मे १९६० ते १९६६ या सीमेत त्यांतले १९६१ हे एकच वर्ष बसते.

तरीही मी ‘मार्च १९६१’ असे निश्चित लिहिले नाही. जुनी कॅलेंडरे देवाच्या चित्रासाठी वर्षानुवर्षे भिंतीवर राहतात आणि पान उलटायचेही राहून जाते. म्हणून नोंद अशी केली: ‘मे १९६० ते १९६६ अखेर, बहुधा मार्च १९६१, आधार: पाटी, फॅसिट, कॅलेंडर, निवृत्तीचे वर्ष.’ मागचा १९४८ हा आकडा खोडला नाही. तो मूळ वस्तूचा भाग आहे, आणि ती संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली होती, हे नंतर तिच्या पावतीपुस्तकावरून कळले. लिहिणाऱ्याने छायाचित्राचे नव्हे तर संस्थेचे वर्ष लिहून ठेवले असावे.